[मंडळ] आई-बाबांसाठी इन्व्हिटेशन लेटर, तारखा काय टाकू? तातडीचं

प्रेषक: निखिल
नमस्कार मंडळी,
पुण्यात व्हीएफएसची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी आहे आणि लेटर अजून अडकलंय म्हणून घाईत लिहितोय. प्राजक्ताची ड्यू डेट 14 जून. खाली मसुदा टाकतोय, जर्मन नंतर करतो, आधी मजकूर बघा:

"ती. आई-बाबांस शि. सा. न. तुम्हाला नातवंड होणार आहे हे माहीतच आहे. त्या वेळी तुम्ही दोघं इथे असावं अशी आमची फार इच्छा आहे. तरी 1 मे ते 15 ऑगस्ट या काळात स्टुटगार्टला आमच्याकडे राहायला यावे. घर 62 स्क्वेअर मीटर, दोन खोल्या, तुम्हाला स्वतंत्र खोली मिळेल. येण्याजाण्याचा आणि इथला सगळा खर्च मी करणार आहे, काळजी नसावी."

एवढं पुरेल का? आणि बाळ आधीच आलं तर तारखांचं काय करायचं? गेल्या वेळी देशपांड्यांच्या केसमध्ये जे झालं ते नको आहे.

प्रेषक: सचिन
अरे निखिल लेटर चालत नाही, फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणजे खर्चाचं सरकारी हमीपत्र लागतंच, परदेशी लोकांचं ऑफिस असतं त्या ऑसलेंडरबेहोर्डची अपॉइंटमेंट काढ, पगाराच्या तीन स्लिपा, भाड्याचं काँट्रॅक्ट, 29 युरो. शिवाय घरमालकाकडून वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे राहत असल्याचा दाखला घे, त्याशिवाय कोणालाच घरात ठेवता येत नाही. मी हे सगळं केलंय, फॉर्म हवा तर पाठवतो.

प्रेषक: शुभांगी
निखिल, सचिन म्हणतो ते अर्धं बरोबर आहे म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट तारखा. 1 मे ते 15 ऑगस्ट हे 107 दिवस होतात. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90च मिळतात, आणि पोचल्याचा दिवस नि निघाल्याचा दिवस दोन्ही मोजतात. म्हणजे 1 मेला आले तर 29 जुलैला बाहेर पडायलाच हवं. "आपण विनंती करू" वगैरे डोक्यातून काढ. मुदतवाढ असते ती आजारपण, फ्लाइट बंद अशा खरोखरच्या अडचणीसाठी, नातवाचा लळा लागला म्हणून नाही. ऑक्टोबर 2025 पासून नवीन एन्ट्री-एग्झिट सिस्टीम आली आहे, आता शिक्का पुसट होता वगैरे सबब चालत नाही, कॉम्प्युटरच दिवस मोजतो.

दुसरं, तुझ्या मसुद्यातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे "सगळा खर्च मी करणार". ते लिहिलंस की ऑफिसर म्हणणार, मग फेरफ्लिष्टुंग कुठे आहे? साध्या पत्रातल्या आश्वासनाला कायद्याने काही किंमत नाही. आणि ती अपॉइंटमेंट काही शहरांत आठवडेच्या आठवडे मिळत नाही, तुझ्याकडे गुरुवारपर्यंतच वेळ आहे. पण ते प्रत्येकाला लागतं असंही नाही. बाबांना पेन्शन आहे ना? त्यांचे बँक स्टेटमेंट, पेन्शनचे कागद आणि आयटी रिटर्न दाखवून त्यांनी स्वतःच्या पैशाने यावं. पत्रात फक्त एवढंच: राहणं आणि जेवण आमच्याकडे, तिकीट आणि इन्शुरन्स ते स्वतः काढतील. मग पत्र आणि त्यांचे कागद एकमेकांशी जुळतात. न जुळणं हीच रिजेक्शनची वाट आहे.

तिसरं, पत्रावर ती. आई-बाबा लिही किंवा दूतावासाला लिही, फरक पडत नाही. पण दोघांची पासपोर्टवरची पूर्ण नावं, जन्मतारखा, पासपोर्ट नंबर, तुझा पत्ता नि फोन आणि तुझ्या रेसिडेन्स परमिटची कॉपी हवी. "फार इच्छा आहे" राहू दे, त्याने काही बिघडत नाही.

प्रेषक: सचिन
मग मला फेरफ्लिष्टुंग का काढायला लावलं? आणि वोनुंग्सगेबर?

प्रेषक: शुभांगी
कारण तुझ्या वडिलांचं स्टेटमेंट अर्ज करायच्या आठवड्यात अचानक फुगलं होतं, ते तूच इथे लिहिलं होतंस. वोनुंग्सगेबरचा कागद आनमेल्डुंगसाठी, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीसाठी असतो. जो कायमचा परदेशात राहतो आणि इथे तीन महिन्यांच्या आतच पाहुणा आहे त्याला आनमेल्डुंगच करावं लागत नाही. घरमालकाला मात्र एक साधी मेल टाकावी, तीन महिने दोन माणसं जास्त राहिली की पाणी-कचऱ्याचा हिशोब बदलतो आणि शेजारची म्हातारी बाई विचारतेच.

प्रेषक: जोशीकाका
निखिल, अभिनंदन. मात्र एक विचारतो, पहिलं बाळंतपण मुलीच्या माहेरचं असतं, मग प्राजक्ताच्या आई कधी येणार? आमच्या वेळी आधी सूनबाईची आई येत असे, बारशाला आम्ही. दोन्ही व्याही एकदम आले तर 62 मीटरात कोण कुठे झोपणार?

प्रेषक: निखिल
काका, प्राजक्ताच्या आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या नंतर येतील. प्रश्न आईबाबांचाच आहे. शुभांगीताई, तारखांचं अजून कळलं नाही. मी 7 जूनपासून लिहिलं तर 4 सप्टेंबरपर्यंत बसतं ना? पण बाळ मेच्या शेवटी आलं तर?

प्रेषक: शुभांगी
तोच खरा घोळ आहे. व्हिसावर दोन गोष्टी छापलेल्या असतात, कधीपासून कधीपर्यंत आणि त्या काळात एकूण किती दिवस. "पासून"च्या आधी एकही दिवस आत येता येत नाही, मग बाळ रडत असलं तरी. पुढच्या बाजूला मात्र सिंगल एन्ट्री व्हिसावर 15 दिवसांची सवलत धरतात. त्यामुळे चूक झालीच तर ती लवकरच्या बाजूला व्हावी.

तुझ्या केसमध्ये असं: पत्रात आणि फॉर्मवर 24 मे ते 21 ऑगस्ट टाक. 90 दिवस होतात, मोजून बघ. 15 दिवस धरले तर शेवट 5 सप्टेंबर. समजा व्हिसा तसाच मिळाला आणि बाळाची काही लक्षणं नाहीत, तर ते आरामात 7 जूनला निघाले तरी 4 सप्टेंबरपर्यंत त्यांचे 90 पुरे होतात. आणि डॉक्टर म्हणाली की आता कधीही, तर 24 मेपासून दार उघडं. तिकीट आत्ता काढू नका, रिझर्व्हेशन द्या. इन्शुरन्स मात्र तारखा बदलता येतील असाच घ्या.

आणि हो, मुटरपासच्या, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदवहीच्या कॉप्या जोडू नकोस. त्यात प्राजक्ताचा सगळा मेडिकल इतिहास असतो, तो व्हीएफएसच्या काउंटरवर कशाला? डॉक्टर अपेक्षित तारखेचं एक पानी सर्टिफिकेट देते, मुटरशुट्झच्या रजेसाठी प्राजक्ताने ऑफिसला दिलंच असेल, तेच पुरे.

प्रेषक: मंदार
खरं प्लॅनिंग 7 जूनचं आणि फॉर्मवर 24 मे, हे खोटं नाही का? पकडलं तर?

प्रेषक: शुभांगी
ड्यू डेट हाच मुळी अंदाज असतो मंदार. 24 मेपर्यंत बाळंत होऊ शकते म्हणून त्या दिवसापासून यायची तयारी आहे, हे खरंच आहे, आणि पत्रातही तसंच लिहायचं. खोटं ते, जे तू मागच्या वर्षी हॉलच्या बुकिंगमध्ये "वीस माणसं" म्हणून केलं होतंस.

प्रेषक: मंदार
हॉलचं नको काढूस, तो निर्णय कमिटीचा होता. पण ते 15 दिवस ते देतातच असं नाही, काही कारण असेल तर नाही देत. आमच्या मावशींना नेमक्या तारखा आल्या होत्या. तेव्हा निखिल, त्यावर पाणी सोडूनच हिशोब कर.

बाकी इन्शुरन्सबद्दल. 30 हजार युरोचं कव्हर नियमाने लागतं, ते घेतलं की आपल्याला वाटतं झालं. माझे बाबा इथे असताना छातीत दुखलं, रात्रीत अ‍ॅडमिट, आणि कंपनीने कळवलं की बीपी आधीपासून होतं, देत नाही. मी फेरफ्लिष्टुंग दिलेलं होतं त्यामुळे बिल सरळ माझ्याच दारात. तुझ्या बाबांना शुगर आहे ना? पॉलिसीत प्री-एक्झिस्टिंगच्या इमर्जन्सीबद्दल काय लिहिलंय ते वाचूनच घे, स्वस्त बघू नकोस.

प्रेषक: सचिन
सगळं सोपं होईल, नवीन कायद्यात आईवडिलांना कायमचं आणता येतं, 90 दिवस कशाला मोजायचे?

प्रेषक: शुभांगी
तो फॅमिली रियुनियनचा मार्ग आहे, ज्यांना स्किल्ड वर्कर म्हणून पहिलं परमिट 1 मार्च 2024 ला किंवा त्यानंतर मिळालं त्यांच्यासाठी. निखिल त्याच्या कितीतरी आधीचा. आणि ज्याला लागू आहे त्यालाही सत्तरीच्या माणसाचा हेल्थ इन्शुरन्स मिळवून दाखवावा लागतो, तिथेच बहुतेकांची गाडी अडते. या धाग्यात नको.

निखिल, एकच अजून. आधी रिजेक्ट झालं तर रेमॉन्स्ट्रेशन, म्हणजे दूतावासाकडेच फेरविचाराची मागणी करता यायची, जुलै 2025 पासून ते बंद आहे. आता नव्याने अर्ज आणि नव्याने फी, किंवा बर्लिनच्या कोर्टात. म्हणून मसुदा एकदा मला दाखव.

प्रेषक: वैशाली
मी सकाळपासून हा धागा वाचतेय आणि कोणीच सामानाचं बोललं नाही!! निखिल, काकूंना सांग तुपाचा डबा आणू नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, आमचा कस्टमवाल्याने नेला होता. डिंक, अळीव, खारीक कोरडं आणा, लाडू इथे करू, तूप मी कढवून देते. आणि धुरी घरात द्यायची असेल तर त्या खोलीतल्या रौखमेल्डरचा, म्हणजे धुराच्या अलार्मचा विचार करा, आमच्याकडे सगळी बिल्डिंग खाली आली होती.

प्रेषक: जोशीकाका
अगदी खरं. आमच्या सूनबाईला हेबामेने, म्हणजे इथल्या सुईणीने सांगितलं, बाळाला तेल लावू नका. आमच्या हिने लावलंच.

प्रेषक: निखिल
सगळ्यांचे आभार. नवीन मसुदा:

"आमच्या बाळाची अपेक्षित तारीख 14 जून आहे, सर्टिफिकेट सोबत जोडले आहे. प्रसूती आधीही होऊ शकते म्हणून माझे आईवडील 24 मेपासून येण्यास तयार असावेत अशी विनंती आहे. मुक्काम 90 दिवसांपेक्षा अधिक असणार नाही, 21 ऑगस्टपर्यंत ते साताऱ्याला परत जातील. राहणे माझ्याकडे, स्वतंत्र खोलीत, जेवणासह. प्रवास आणि विमा ते स्वखर्चाने करतील."

खर्चाची ओळ बाबांना फोनवर वाचून दाखवली तर रागावले, म्हणाले मुलगा परदेशात आणि आम्ही आमच्या पैशाने येतो असं कागदावर कशाला? समजावतोय. शुभांगीताई, "परत जातील" याला आधार म्हणून घराचा सातबारा, घरपट्टी असलं काही द्यायचं का?

प्रेषक: शुभांगी
घर त्यांच्या नावावर असेल तर घरपट्टीची पावती द्या, सातबारा कशाला, त्याचं भाषांतर करावं लागेल. पेन्शनच्या कागदाला वजन जास्त. 21 ऑगस्ट ठीक आहे, पण इन्शुरन्सची शेवटची तारीख त्याच्या आधीची नको, आणि पासपोर्ट जाण्याच्या तारखेनंतर अजून तीन महिने तरी चालायला हवेत. तुझ्या बाबांचा कधी संपतोय ते आज रात्रीच विचार.

प्रेषक: मंदार
डोहाळजेवण 9 मेलाच ना? हॉलच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, कारण त्या दिवशी योगाचा ग्रुप पण बुकिंग दाखवतोय.

प्रेषक: वैशाली
किल्ल्या माझ्याकडे. योगाच्या ग्रुपने बुकिंग केलं ते मला न विचारता, हॉल सांस्कृतिक समितीकडे आहे हे परत लिहिते. निखिल, तू व्हिसाचं बघ, 9 मे पक्की आहे.