प्रतिसाद: दवाखान्याचा रिव्ह्यू लिहिताना

«सहाची अपॉइंटमेंट होती, पावणेआठला आत घेतलं आणि डॉक्टर दोन शब्दही धड बोलले नाहीत. पैशांसाठी मुद्दाम ताटकळत ठेवतात. रिव्ह्यू लिहायचाय, पण बदनामीचा दावा नको.»

या दोन वेळाच तुमचा खरा मजकूर आहेत. वार आणि वेळा तशाच लिहा: «मंगळवारी ६ ची वेळ, ७.४५ ला आत.» उशीर होणार हे काउंटरवर कुणी आपणहून सांगितलं का, विचारल्यावर काय उत्तर मिळालं, हेही लिहा. उशीर इमर्जन्सीमुळे झाला असेल आणि तसं सांगितलं असेल, तर ते वगळू नका. नाहीतर रिव्ह्यू अर्धवट ठरतो.

«धड बोलले नाहीत» यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. «गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे मी विचारलं, ‹चिठ्ठीवर आहे› एवढंच उत्तर मिळालं» असं लिहा.

«पैशांसाठी मुद्दाम ताटकळत ठेवतात» हे मात्र काढाच. हेतू तुम्ही पाहिलेला नाही, आणि भारतीय न्याय संहितेच्या बदनामीविषयीच्या कलम ३५६ खाली प्रकरण जाऊ शकतं ते अशाच आरोपांमुळे. औषध चुकलं की बरोबर, तेही लिहू नका. तशी शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवा. स्वतःच्या चिठ्ठीचा फोटोही टाकू नका, त्यावर तुमचं नाव आणि आजार दोन्ही असतात.