मदत हवी आहे : वडिलांच्या शाळेच्या दाखल्याची दुय्यम प्रत

नमस्कार मंडळी,
घर बदलताना वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला हरवला. त्यांनी १९८४ साली सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलातून शाळा सोडली. धाकट्या बहिणीच्या जात पडताळणीसाठी तो हवा आहे, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

परवा शाळेत जाऊन आलो. लिपिकांनी पहिला प्रश्न विचारला, जनरल रजिस्टर नंबर काय? सुदैवाने जुन्या झेरॉक्सच्या कोपऱ्यात तो पुसट दिसत होता. त्यावरून त्यांनी कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं आणि नोंद पाच मिनिटांत सापडली. आता मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज, दाखला हरवल्याची पोलीस ठाण्यातली नोंद आणि प्रतिज्ञापत्र एवढं आणायला सांगितलंय. मग 'दुय्यम प्रत' असा शेरा मारून दाखला मिळेल.

अडचण वेगळीच आहे. रजिस्टरमध्ये आडनाव 'साळुंके' आहे, बाकी सगळीकडे 'साळुंखे'. दुय्यम प्रतीत रजिस्टरमधलंच उतरवणार, एक अक्षरही बदलता येणार नाही, असं लिपिक म्हणाले. मला ते पटतं, पण पुढे पडताळणीत अडलं तर?

जे यातून गेलेत त्यांनी कृपया सांगा : 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र समितीने मान्य केलं का? की आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवावा लागला? आणि दाखल्यासोबत प्रवेश-निर्गम उताराही आत्ताच मागून घेऊ का? शाळा गावापासून ४० किलोमीटर आहे आणि वडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून एकाच खेपेत सगळं आणायचंय.