अनुभव धागा : लाइन फॉलोअर आणि कव्हर लेटर

पाचवा_सेन्सर : ईएनटीसी डिप्लोमा, शेवटचं वर्ष. एम्बेडेडच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करतेय आणि दाखवण्यासारखं एकच आहे, लाइन फॉलोअर. कव्हर लेटरचा मसुदा असा झालाय : "मी मेहनती आहे, शिकण्याची आवड आहे, लाइन फॉलोअर रोबो बनवला आहे." खाली वर्गातल्या कुणाचंही नाव टाकलं तरी चालेल. ज्यांनी असाच रोबो घेऊन अर्ज केलाय त्यांनी काय लिहिलंत, पुढं काय झालं, सांगा.

सोल्डरची_वाफ : माझंही पहिलं पत्र हेच. अकरा ठिकाणी पाठवलं, एकाचंही उत्तर नाही. मग सरांनी विचारलं, "रोबो कधी बिघडला होता का?" बिघडला होता की! सरळ रेषेवर छान जायचा, वळणावर हमखास बाहेर. आम्ही दोन दिवस PID चे आकडे फिरवत बसलो. शेवटी लूपच्या प्रत्येक फेरीत एक पिन चालू-बंद केली आणि लॅबच्या डीएसओवर पाहिलं. एका फेरीला 28 मिलिसेकंद! कारण सेन्सर बघायला मी टाकलेली `Serial.print` तशीच राहिली होती. पाच सेन्सरचे आकडे, स्वल्पविराम, ओळ संपल्याची खूण, मिळून 27 अक्षरं. 9600 बॉडला एक अक्षर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. रोबो सेकंदाला अर्धा मीटर पळत होता, म्हणजे दोन वाचनांमध्ये जवळजवळ दीड सेंटिमीटर आंधळा. पट्टी पावणेदोन-दोन सेंटिमीटरची. वळणावर सुटणारच.
ती ओळ काढली, जुनेच आकडे ठेवले, रोबो वळला. नव्या पत्रात "मेहनती" काढून हाच परिच्छेद टाकला, चार वाक्यांत. पुढच्या पाचांपैकी दोघांनी बोलावलं.

रजिस्टर_राजा : गोष्ट छान, पण पटत नाही. सिरीयल प्रिंट इंटरप्टवर जातं, प्रोसेसर थांबत नाही. आणि पत्रात आर्डुइनोचं नाव काढूच नका, कंपनीत हसतात. थेट "एव्हीआर रजिस्टर लेव्हल" लिहा.

भोसरीचे_नाना : इंटरप्टवर जातं हे बरोबर, पण अर्धंच. ऊनोवर पाठवायचा बफर 64 बाइटचा. 27 च्या दोन ओळी मावतात, तिसरी अर्ध्यात अडते आणि तिथून जागा होईपर्यंत प्रिंट थांबून राहतं. त्यामुळं 28 चा आकडा चोख बसतो.
मी फर्मवेअरमध्ये आहे, इंटर्नचे अर्ज माझ्याकडं येतात. आर्डुइनो वाचून मी हसत नाही. मात्र "रजिस्टर लेव्हल" लिहिलंत तर पहिला प्रश्न `DDRB` वर येणार. गेल्या वर्षी एकानं "PID ट्यून केला" लिहिलं होतं. विचारलं, Kd वाढवल्यावर काय दिसलं? पोरगा गप्प. आकडे उतरवलेले होते. नुसता Kp लावलाय असं लिहिलं असतं तर आमच्या गप्पा झाल्या असत्या. आणखी एक, सोल्डरची_वाफ, पिन चालू-बंद करून मोजलं हे पत्रात लिहिलं होतंस का? मला त्यातच जास्त रस. चूक सगळेच करतात, मोजतं कोण?

सोल्डरची_वाफ : होय नाना, एका वाक्यात. मुलाखतीत निम्मा वेळ त्यावरच गेला. फक्त "आम्ही" लिहिलं होतं, तर "तू नेमकं काय केलंस" हे तीनदा विचारलं. आता लिहितो : सांगाडा आणि वायरिंग मित्रांचं, कोड आणि हे मोजमाप माझं.

इस्लामपूरकर : कव्हर लेटर कॉलेजच देतं ना? आमच्या टीपीओनं प्राचार्यांच्या शिक्क्याचं पत्र दिलं होतं, त्यावर सहा आठवडे ट्रेनिंग झालं. स्वतः कशाला लिहायचं?

पाचवा_सेन्सर : ते विनंतीपत्र हो दादा. ते जोडणारच आहे, हे माझं वेगळं.
माझी भानगड सांगते. आमचा रोबो सकाळी पळायचा, दुपारी खिडकीजवळ वेडावायचा. उन्हातलं इन्फ्रारेड सेन्सरवर येत होतं. आम्ही पुठ्ठ्याची झडप लावली. हे लिहिण्यासारखं आहे का?

भोसरीचे_नाना : आहे. पण "ऊन येत होतं" हे कशावरून ठरवलंत? एलईडी बंद ठेवून आकडे घेतले होते का?

पाचवा_सेन्सर : नाही. हाताची सावली धरली तर नीट चालला, एवढंच. रोबो अजून लॅबमध्ये आहे, उद्या दुपारी घेते. आणि एक विषय राहिलाय त्याचं काय, गणित तीनचा?

रजिस्टर_राजा : पत्रात अजिबात नको. मार्कलिस्टमध्ये दिसेलच.

सोल्डरची_वाफ : मी लिहिलं होतं, एका ओळीत. बोलावलेल्या दोघांपैकी एकानं त्यावरूनच नाही म्हटलं. दुसरीकडं विषयही निघाला नाही.