मुलांची सही नाही म्हणून खरेदीखत रद्द होतं का?

नितीन, भांडुप: वडिलोपार्जित जमीन बापाने मुलांना न विचारता विकली तर ते खरेदीखत रद्दच असतं. घेणाऱ्याने पैसे बुडाले समजावं. कोर्टात अर्ज टाका, जमीन परत मिळते. उगाच घाबरून तडजोड करू नका.

माधवी, गिरगाव: हे वाचून उद्या कोणीतरी खरंच तडजोड मोडेल आणि पुढची पंधरा वर्षं तारखा मोजत बसेल, म्हणून सविस्तर लिहिते. दिवाणी कोर्टात मी हेच दावे चालवते.

कर्त्याने, म्हणजे एकत्र कुटुंबाचा कारभार बघणाऱ्या बापाने, केलेली विक्री जन्मतः रद्द नसते. कोणी आव्हान देऊन ती पाडेपर्यंत ती उभीच असते. आणि कुटुंबाच्या गरजेसाठी, फायद्यासाठी किंवा बापाने 9 सप्टेंबर 2005 पूर्वी काढलेल्या कर्जासाठी विकली असेल, तर मुलांची सही नसली तरी ती मुलांवर बंधनकारक होते. सही नाही एवढ्यावर दावा जिंकत नाही. खरा प्रश्न असतो पैसे कशासाठी लागले होते, आणि घेणाऱ्याने त्याची चौकशी केली होती का. ब्रिटिश काळातलं सर्वोच्च कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1856 साली हनुमानप्रसाद पांडे खटल्यात हे घालून दिलं. घेणाऱ्याने प्रामाणिकपणे चौकशी केली असेल, तर पुढे बापाने ते पैसे कुठे उडवले याचा हिशोब त्याच्याकडे मागता येत नाही.

एक उदाहरण घ्या. कर्जत तालुक्यात 40 गुंठे, 7/12 वर बापाचं नाव, पुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. घरात बाप, दोन मुलगे, एक मुलगी, आई वारलेली. 2016 साली 24 लाखांना विक्री. त्यातले 11 लाख आईच्या आजारपणात काढलेल्या कर्जाला गेले, 9 लाख मुलीच्या लग्नाच्या देण्याला, 4 लाखांचा पत्ता नाही. मुलगे म्हणतात, 4 लाख बापाने उडवले, सगळी विक्री रद्द करा. बहुतेक पैसा गरजेत गेला हे सिद्ध झालं, तर उरलेल्या थोड्याशा रकमेपायी विक्री पडत नाही.

आता उलट धरा. गरज फक्त 5 लाखांचीच निघाली आणि घेणाऱ्याने काहीच विचारलं नव्हतं. तरीही आपल्या मुंबईकडच्या कायद्यात तो पूर्ण रिकाम्या हाताने जात नाही. बापाचा चौथा हिस्सा, म्हणजे 10 गुंठे, त्याचेच राहतात, कारण आपल्याकडे सहदायकाला, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानेच हिस्सा असलेल्याला, मोबदला घेऊन स्वतःचा अविभक्त हिस्सा विकता येतो. कुटुंबाची आणखी जमीन असेल तर वाटपात विकलेला तुकडाच बापाच्या वाट्याला लावा, अशी मागणीही तो करू शकतो.

नितीन, भांडुप: बरं, रद्दच नसतं हे मान्य करू. पण मग बापाला आधीच मनाई हुकूम आणून थांबवावं ना?

माधवी, गिरगाव: नाही आणता येत. 1988 साली सुनीलकुमार विरुद्ध रामप्रकाश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलगा कर्त्याला विक्रीपासून रोखू शकत नाही; विक्री झाल्यावर तिला आव्हान द्यावं. अपवाद अगदी टोकाच्या प्रकरणांपुरते.

अरविंद, दादर: तुम्ही दोघंही मूळ मुद्दा सोडताय. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर वडिलोपार्जित असं काही उरलंच नाही. चंदर सेन निकाल वाचा. आजोबांकडून बापाला मिळालं ते बापाचं स्वतःचं, मुलांनी गप्प बसावं.

माधवी, गिरगाव: अर्धं बरोबर आहे, काका. आजोबांच्या स्वकष्टाची जमीन 1956 नंतर वारसाने बापाकडे आली असेल, तर मुलांचा जन्मसिद्ध हक्क नाही आणि घेणारा सुखी. पण आजोबांच्या हयातीतच ती एकत्र कुटुंबाची होती, तर मुलाचा हक्क जन्मापासूनचा आहे, तो 1956 मुळे पुसला जात नाही. म्हणून आधी जुने फेरफार काढून जमीन आजोबांकडे कशी आली ते बघायचं. नुसता 7/12 बघून हे कळत नाही.

शीतल, डोंबिवली: आमच्याकडे 2011 ला बाबांनी भावांच्या सह्या घेऊन जमीन विकली. आम्हा तीन बहिणींना कोणी विचारलंच नाही. नंतर मी दावा लावला तर घरात मला बोलावणं बंद झालं. तुम्ही इथे मुलगे, मुलगे लिहिताय. मुलीचं काय?

प्रदीप, लालबाग: इथूनच घरं मोडायला सुरुवात होते. लग्नात सोनं घ्यायचं, आईबापाच्या आजारपणात फिरकायचं नाही, आणि जमीन विकली की हिस्सा मागायला हजर. आमच्या घरी हेच झालं. आजारी बापाची सगळी उठाबस मी केली.

शीतल, डोंबिवली: उठाबस आम्हीही केली, फक्त ती कोणी मोजली नाही. बाबांच्या डायलिसिसला आठवड्यातून दोनदा डोंबिवलीहून लोकल पकडून मी जायचे, भाऊ संध्याकाळी फोन करायचा. तुमच्या घरातला राग माझ्यावर काढू नका.

प्रदीप, लालबाग: राग नाही, अनुभव सांगतोय. कायद्याने हक्क दिला, जबाबदारी कोणी दिली?

माधवी, गिरगाव: प्रदीपदादा, हक्क सेवेवर अवलंबून नाही. सेवा मोजायची तर किती मुलगेही बाद होतील. 2020 साली विनीता शर्मा निकालाने सांगितलं की हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनुसार मुलगी जन्मानेच सहदायक, त्या वेळी वडील हयात असायचीही अट नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेले व्यवहार या दुरुस्तीने पाडता येत नाहीत. शीतलताई, तुमचा 2011 चा व्यवहार त्यानंतरचा आहे. पण भावांच्या सह्या असणं आणि तुमची नसणं एवढ्याने काम होत नाही. बाबांनी कर्ता म्हणून खऱ्या गरजेसाठी विकली असेल, तर ती मुलीवरही तितकीच बंधनकारक आहे.

शीतल, डोंबिवली: गरज काय होती, तर भावाला गाळा घ्यायचा होता. खरेदीखतात लिहिलंय "कौटुंबिक अडचणीसाठी".

माधवी, गिरगाव: असं वाक्य हजारो खरेदीखतांत असतं, नुसत्या त्याच्यावर काही सिद्ध होत नाही. गरज किंवा चौकशी सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर असतो. त्याच्याकडे त्या वेळची थकबाकीची नोटीस, दवाखान्याची बिलं, पैसे थेट कर्जखात्यात भरल्याची पावती यातलं काही आहे का, हे बघा. ए.कु.मॅ. नोंद डोळ्यांसमोर असूनही त्याने काही विचारलं नसेल, तर ते त्याच्या विरुद्ध जातं. पण गाळ्यातला धंदा सगळ्या कुटुंबाचा होता असा बचाव घेणारा नक्की घेईल, आणि त्याचा निकाल पुराव्यावरच लागेल.

नितीन, भांडुप: आणि मुदत? अज्ञान मुलाला सज्ञान झाल्यापासून तीनच वर्षं ना?

माधवी, गिरगाव: हा गैरसमज फार पसरलाय. बापाने केलेल्या विक्रीला मुदत घेणाऱ्याने ताबा घेतल्यापासून 12 वर्षं आहे. तीन वर्षांची सवलत ही मुदत वाढवते, कमी करत नाही. वरच्या उदाहरणात ताबा 2016 ला गेला आणि धाकटा तेव्हा 15 वर्षांचा होता, तरी त्याला 2028 पर्यंत वेळ आहे.

अरविंद, दादर: मुदतीचं मान्य. पण तुमच्या चार लाखांच्या उदाहरणात कोर्टाने अजून किती सूट द्यावी? दहा लाखांचा हिशोब नसता तर?

माधवी, गिरगाव: तिथे ठोकताळा नाही. दहा लाखांवर मी घेणाऱ्याच्या बाजूने उभी राहिले असते तरी छातीठोकपणे निकाल सांगितला नसता.

प्रदीप, लालबाग: म्हणजे गरज सिद्ध झाली तर बहिणींचाही दावा पडतो. एवढं तरी बरोबर बोललात. माझ्या प्रकरणात वडिलांच्या ऑपरेशनची बिलं ठेवली आहेत.

शीतल, डोंबिवली: ठेवली असतील तर कोर्टात दाखवा. माझ्या भावाने आजवर एकही कागद दाखवलेला नाही.