डोंगलला फोन कनेक्ट होत नाहीये, तातडीने मदत हवी

वाशीखाडी (दुपारी १:१०)
पॉकेट वायफाय डोंगल आहे, आत सिम घालतो तसलं. फोन कनेक्टच होत नाहीये. पासवर्ड बरोबर आहे. डोंगल बंद-चालू करून झालं, फोन बंद-चालू करून झाला. रिचार्ज आहे. साडेतीनला ऑफिसचा कॉल आहे आणि लॅपटॉपही त्याच्यावरच चालवायचाय. "नवीन घ्या" असं कृपया कोणी सांगू नका. पटकन उत्तर हवंय.

घोडबंदरवाला (१:१४)
डोंगल हवंय कशाला पण? फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप जोडा. मी चार वर्षं हेच करतोय. एक वस्तू कमी, एक चार्जर कमी.

पारसिककर (१:१७)
एपीएनचा घोळ आहे, पैज लावतो. डोंगलच्या सेटिंगमध्ये जाऊन एपीएन नव्याने टाका. ९९ टक्के केसेसमध्ये तेच असतं.

सीवूड्सचे काका (१:२१)
माझ्याकडेही डोंगल आहे. लॅपटॉपच्या यूएसबीला लावलं की आधी ड्राइव्हर टाकावा लागतो. तो टाकलात का? माझ्या नवीन लॅपटॉपने तो घेतलाच नाही, दुकानदाराने तासभर खटपट केली.

वाशीखाडी (१:२३)
काका, यूएसबीचं नाही हो, बॅटरीवाला आहे. हॉटस्पॉट चालला असता तर धागा कशाला काढला असता? माझ्या फोनच्या सिमला इथे जेमतेम एक कांडी येते, हे लिहायलाही गच्चीवर आलेय. डोंगलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम आहे.

जुना_टॉवरवाला (१:२६)
ताई, "कनेक्टच होत नाही" म्हणजे नेमकं काय दिसतं? फोनच्या वायफायच्या यादीत डोंगलचं नाव येतं का? त्याच्याखाली काय लिहिलेलं असतं? आणि डोंगलवरचा सिग्नलचा दिवा कोणत्या रंगाचा आहे, स्थिर आहे की लुकलुकतोय?

वाशीखाडी (१:२९)
नाव येतं, जोडलंही जातं. खाली `Connected, no internet` लिहून येतं. दिवा हिरवा, लुकलुकतोय. घरी ऐरोलीला स्थिर असतो.

जुना_टॉवरवाला (१:३३)
मग फोन डोंगलला व्यवस्थित जोडला गेलाय. तो भाग संपला, आता फोनला हात लावू नका. अडलंय ते डोंगल आणि टॉवरच्या मध्ये. दिवा लाल असता तर टॉवर मिळत नाही किंवा सिम वाचलं जात नाही असं धरलं असतं. लुकलुकणारा हिरवा म्हणजे बऱ्याच मॉडेलांत टॉवर पकडलाय, पण डेटा सुरू झालेला नाही.

आता "घरी ऐरोलीला" लिहिलंत म्हणून विचारतो. आत्ता कुठे आहात?

वाशीखाडी (१:३५)
चिपळूणला, मामाकडे. काल रात्री आलो. त्याचा काय संबंध?

पारसिककर (१:३६)
कोकणात बोगदे आणि डोंगर, नेटवर्क असंच असतं. आमचा पारसिकचा बोगदा लागला की कॉल तुटतो, तिकडे तर करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा आहे.

वाशीखाडी (१:३७)
मी घरात बसलेय, बोगद्यात नाही.

जुना_टॉवरवाला (१:४४)
सगळा संबंध त्याचाच असावा. ठाणे, नवी मुंबई, कल्याण हे मोबाइलच्या हिशेबात मुंबई सर्कलमध्ये येतं. चिपळूण येतं महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. कंपनी एकच असली तरी दोन सर्कलमधल्या नेटवर्कचे ओळख क्रमांक वेगळे असू शकतात. उदाहरणार्थ एअरटेलचा मुंबईचा ४०४-९२ आहे आणि उरलेल्या महाराष्ट्राचा ४०४-९०. तुमचं सिम मुंबईचं असेल तर चिपळूणच्या टॉवरवर ते पाहुणं आहे, म्हणजे रोमिंगवर. डोंगलमध्ये डेटा रोमिंग बंद असेल तर डोंगल टॉवर पकडून गप्प बसून राहतं. फोन बिचारा सांगतो, इंटरनेट नाही.

पारसिककर (१:४७)
साहेब, कोणत्या जमान्यात आहात? देशातलं रोमिंग कधीच संपलं. मी पुण्याला जातो, नागपूरला जातो, काही चालू-बंद करत नाही. एपीएनच आहे.

जुना_टॉवरवाला (१:५२)
देशातल्या नेहमीच्या प्लॅनमध्ये रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत, ते संपलं. नेटवर्कच्या दृष्टीने सिम पाहुणं असतं ते असतंच. तुम्हाला फोनवर ते जाणवत नाही, कारण बहुतेक फोन त्याच कंपनीचं दुसरं सर्कल घरचंच धरून चालतात. स्वस्तातल्या डोंगलला तेवढी अक्कल नसते, क्रमांक जुळला नाही की परका.

एपीएन म्हणाल तर तो चुकीचा असता तर ऐरोलीतही नेट चाललं नसतं. कोणी सिम बदललं किंवा डोंगल रीसेट केलं तर मात्र पहिला संशय त्याच्यावरच घ्यायचा. तेवढं तुमचं खरं.

वाशीखाडी (१:५५)
पण गेल्या दिवाळीत हेच डोंगल इथेच चाललं होतं! आणि डोंगलमधलं सिम मघाशी मामेभावाच्या फोनमध्ये घालून पाहिलं, त्यात मस्त चालतंय. म्हणून तर डोंगल बिघडलं असं वाटतंय.

जुना_टॉवरवाला (१:५७)
दिवाळीत डोंगलमध्ये सिम कोणाचं होतं?

वाशीखाडी (१:५९)
अं... मामेभावाचं. इथलंच, चिपळूणात घेतलेलं. माझं तेव्हा संपलं होतं.

जुना_टॉवरवाला (२:०८)
झालं तर मग. इथलं सिम इथे चाललं, मुंबईचं सिम फोनमध्ये चालतंय, फक्त मुंबईचं सिम डोंगलमध्ये अडतंय. डोंगल शाबूत आहे. आता असं करा.

सिम परत डोंगलमध्ये घाला आणि फोन डोंगलच्या वायफायला जोडा. मग फोनचा स्वतःचा मोबाइल डेटा बंद करा, हे विसरू नका. वायफायला नेट नाही असं दिसलं की अँड्रॉइड गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि डोंगलचं पान उघडतच नाही. याच पायरीवर बहुतेक लोक वैतागून सोडून देतात. "या वायफायला इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का" असं फोनने विचारलं तर हो म्हणा.

डोंगलच्या मागच्या झाकणाच्या आत किंवा बॅटरीखाली चिठ्ठी असते, तिच्यावर पत्ता आणि पासवर्ड असतो. पुष्कळ डोंगलांत पत्ता `192.168.8.1` किंवा `192.168.1.1` असतो. चिठ्ठी पुसली असेल तर फोनमध्ये त्या वायफायच्या तपशिलात `Gateway` म्हणून जो आकडा दिसतो तोच पत्ता. ब्राउझरमध्ये पुढे `http://` लावून टाका, नाहीतर फोन तो आकडा गुगलवर शोधायला जातो.

आत गेल्यावर `Settings`, मग `Mobile Connection` किंवा तत्सम नाव. तिथे `Data roaming` असेल, ते चालू करून `Apply`. डोंगल एकदा बंद-चालू करा.

घोडबंदरवाला (२:११)
एवढ्या वेळात हॉटस्पॉटवर दोन कॉल झाले असते. मामेभावाच्या फोनमध्ये सिम चालतंय ना? त्याचाच हॉटस्पॉट घ्या.

जुना_टॉवरवाला (२:१३)
आजच्यापुरता हा सल्ला वाईट नाही, पान उघडलं नाही तर तेच करा. पण लांब कॉलवर फोन तापतो, बॅटरी उतरते, आणि मामेभाऊ फोन घेऊन बाजारात गेला की कॉल गेला.

सीवूड्सचे काका (२:१५)
सिम सारखं काढू-घालू नका. माझ्या डोंगलला मोठ्या आकाराचं सिम लागायचं, म्हणून छोटं सिम प्लास्टिकच्या चौकटीत बसवून घातलं. बाहेर काढताना चौकट आतल्या पिनांत अडकली. पिना वाकल्या, डोंगल गेलं.

वाशीखाडी (२:१६)
बाप रे. माझंही चौकटीतच आहे.

जुना_टॉवरवाला (२:१८)
काकांचा मुद्दा बरोबर आहे. रिकामी चौकट तर कधीच आत सरकवू नका. सिम चौकटीत घट्ट बसवून मागून पातळ चिकटपट्टीचा तुकडा लावा, सोनेरी बाजू मोकळी ठेवून. मग चौकट एकटी अडकत नाही.

गोखले_रोड (२:२४)
विषय निघालाच आहे तर विचारते. आम्ही मे महिन्यात जपानला जातोय. हेच डोंगल आपल्याच सिमसकट नेलं आणि रोमिंग चालू ठेवलं तर चालेल ना?

जुना_टॉवरवाला (२:२८)
थांबा! देशात रोमिंग चालू ठेवणं आणि परदेशात ठेवणं यात फार अंतर आहे. परदेशी पॅक घेतलेला नसेल तर पोस्टपेडवर बिल येऊन दणका बसू शकतो. डोंगलला चार जण जोडलेले असतात आणि कोणाचे फोटो मागच्या मागे वर चढतायत ते कळत नाही. जपानमध्ये विमानतळावरच पॉकेट वायफाय भाड्याने मिळतं, त्यात तिथलंच सिम असतं. आपलं डोंगल न्यायचंच असेल तर आत तिथलं सिम घाला आणि रोमिंग बंद ठेवा.

गोखले_रोड (२:३०)
भाडं किती पडतं पण? आणि जेवणाचं काय करायचं, आम्ही शाकाहारी आहोत.

वाशीखाडी (२:४१)
पान उघडत नव्हतं. मोबाइल डेटा बंद केला तर उघडलं! `Data roaming` बंदच होतं. चालू करून `Apply` केलं. दिवा अजून लुकलुकतोय.

जुना_टॉवरवाला (२:४२)
डोंगल बंद-चालू केलंत का?

वाशीखाडी (२:४७)
आता केलं. दिवा स्थिर!! फोनवर नेट आलं, लॅपटॉपवरही आलं. पडद्यावर सिग्नलच्या शेजारी छोटा R दिसतोय, तो काय आहे? त्याचे पैसे नाही ना लागणार?

जुना_टॉवरवाला (२:४९)
R म्हणजेच रोमिंग. देशात आहात तोवर चिंता नको, तरी एकदा प्लॅन बघून घ्या. कॉलच्या आधी डोंगल खिडकीपाशी ठेवा, कपाटात किंवा फ्रिजवर नको.

पारसिककर (२:५२)
अभिनंदन. मी तरी एपीएन एकदा तपासला असता. बाय द वे, हे मुंबई सर्कल संपतं कुठे? पनवेलला की कर्जतला? आमच्या मेव्हण्याच्या फोनवर खोपोलीला कधी एक नाव येतं, कधी दुसरं.

घोडबंदरवाला (२:५५)
पनवेल. नक्की.

सीवूड्सचे काका (२:५८)
अजिबात नाही, पनवेलच्या पुढेही माझ्या फोनला मुंबईच दाखवतो.

जुना_टॉवरवाला (३:०२)
हद्दीजवळ दोन्हीकडचे टॉवर पोचतात, त्यामुळे फोन कधी इकडचा तर कधी तिकडचा घेतो. फोनवरच्या नावावरून रेघ ओढू नका.

वाशीखाडी (४:४०)
कॉल झाला, मध्ये एकदाच अडकला. टॉवरवाले दादा, खूप आभार. एकच राहिलंय. बाबांच्या फोनवर त्याच डोंगलला अजूनही `Connected, no internet` येतंय. आमच्या सगळ्यांचं चालू आहे, फक्त त्यांचंच नाही.

जुना_टॉवरवाला (४:५१)
बाकीच्यांचं चालतंय म्हणजे आता दोष त्यांच्या फोनमध्येच. सेटिंगमध्ये `Private DNS` शोधा. जाहिराती थांबवायला कोणी तिथे काही लिहून ठेवलंय का बघा, असेल तर `Automatic` करा. कोणीतरी "नेटवर्क रीसेट" सांगेल, ते शेवटी ठेवा, साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड उडतील.

वाशीखाडी (५:०५)
तिथे `Automatic` च आहे. तारीख-वेळही बरोबर आहे. बाबा आता म्हणतायत, राहू दे, मला काय करायचंय नेट.

सीवूड्सचे काका (५:२०)
बाबांचं बरोबर आहे. बरं, माझ्या यूएसबी डोंगलच्या ड्राइव्हरचं कोणी सांगेल का?