मदत हवी आहे: कर्ज आधी फेडू की एमएस्सी नर्सिंगसाठी साठवू?

मी नाशिकमध्ये खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. हातात २६,००० येतात. शैक्षणिक कर्ज ३ लाख उरलंय, व्याज साडेदहा टक्के, हप्ता ६,४४८, अजून पाच वर्षं. हा हप्ता, इंदिरानगरची खोली, मेस, रिक्षा आणि दिंडोरीला घरी पाठवायचे वजा जाता ६,००० उरतात. दोन वर्षांनी एमएस्सीला जायचंय. एका पानात मावेल असा आराखडा कुणी सुचवेल का? ओळखीचे एक एजंट काका यूलिप घे म्हणतात.

गोदाकाठ: यूलिप नको, पाच वर्षं पैसे अडकतील. सरळ कर्जात भर. साडेदहा टक्के वाचतात, आरडी एवढं देत नाही.

सातपूरकर: शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मी आयकरात ८०ईची वजावट घेतो. कर्ज लवकर फेडलं तर ती जाईल, विचार करा.

मेट्रन_निवृत्त: सातपूरकर, तिचं वर्षाचं उत्पन्न सव्वातीन लाखही नाही. मुळात कर बसत नाही, तर वजावट कशातून घेणार?

बाळा, गोदाकाठ यांचं व्याजाचं गणित बरोबर आहे, पण ते अर्धंच आहे. जादा पैसे भरल्यावर बहुतेक वेळा मुदत कमी होते, पुढच्या महिन्याचा हप्ता तेवढाच राहतो. शिकायला गेलीस की पगार बंद, आणि बँकेला दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

पहिले तीन महिने ६,००० बचत खात्यात टाक. हे १८,००० अडीअडचणीचे, त्यांना हात लावू नकोस. पुढचे २१ महिने तेवढ्याचीच आरडी. साडेसहा टक्के धरले तर सुमारे १ लाख ३४ हजार होतील, आणि तेव्हा कर्ज १ लाख ९८ हजार उरलेलं असेल. आरडी मोडून कर्जात भरलीस तर ६४ हजार उरतात. दरमहा थेट कर्जात भरत गेली असतीस तर ६०-६१ हजार उरले असते. म्हणजे रोख हाताशी ठेवण्याची किंमत तीन-चार हजार. मी ती आनंदाने मोजेन, कारण प्रवेश मिळाला की नाही हे तेव्हाच कळणार.

गोदाकाठ: एवढाच फरक पडेल असं वाटलं नव्हतं. मग एसआयपी?

मेट्रन_निवृत्त: दोन वर्षांनी फी भरायच्या पैशांची नको. नेमका त्याच महिन्यात बाजार खाली असला तर?

धागाकर्ती: ताई, पण दोन वर्षांचे हप्तेच १ लाख ५५ हजार होतात! आरडी आणि बचत मिळूनही तेवढे भरत नाहीत, फी तर लांबच.

मेट्रन_निवृत्त: हो, खरी अडचण तीच. शाखेत लेखी अर्ज देऊन विचार की पुढच्या शिक्षणाच्या काळात जुन्या कर्जाचे हप्ते थांबतात का, आणि थांबले तर व्याज मुदलात मिळवतात का. उत्तरही लेखीच घे.

धागाकर्ती: सोमवारी नाइट ड्यूटीनंतर जाते. नाही म्हणाले तर एक वर्ष थांबावं का?