मदत हवी आहे: क्लोजर मीटिंगच्या इतिवृत्तात उघडी रिस्क कोणाच्या नावावर लिहायची?

आमच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टची क्लोजर मीटिंग परवा झाली, इतिवृत्त मी लिहितोय. लेसन्स लर्न्डचा भाग झालाय. हँडओव्हरच्या 14 बाबींपैकी 13 सपोर्ट टीमने सही करून घेतल्या. गाडी अडलीये ती एकाच बाबीवर.

बॅकअप रोज होतो, पण तो रिस्टोअर करून पाहण्याची चाचणी राहिली, कारण टेस्ट सर्व्हर वेळेत मिळाला नाही. सपोर्ट टीम म्हणते, चाचणी झाल्याशिवाय ही रिस्क आमच्या नावावर नको. आमची टीम तर महिनाअखेर मोडतेय. स्पॉन्सर सही द्यायला तयार आहेत, पण त्यांना इतिवृत्तात 'प्रोजेक्ट पूर्ण' एवढंच हवंय.

पहिल्या मसुद्यात मी 'जबाबदारी: दोन्ही टीम' असं लिहिलं होतं, ते स्वतःच खोडलं. दोघांची म्हणजे कोणाचीच नाही. मग 'सशर्त स्वीकृती' लिहून चाचणीची तारीख टाकली, तर स्पॉन्सरांनी परत पाठवलं. मुदतवाढ मिळणार नाही, हे विचारून झालंय. टेस्ट सर्व्हर पुढच्या महिन्यात मिळेल, म्हणजे आमची टीम गेल्यावर. रिस्क लपवून सही घ्यायची नाही, हे माझं पक्कं आहे.

अशा वेळी रिस्क स्पॉन्सरांनी स्वतः स्वीकारल्याची वेगळी नोंद करून त्यावर त्यांची स्वतंत्र सही घेतली, तर अंतिम साइन-ऑफ बिनशर्त ठेवता येतो का? आणि चाचणी करणाऱ्याचं नाव त्याच नोंदीत घालायचं की हँडओव्हरच्या यादीत?